शब्दचर्चा: ‘प्रबळ पद’ म्हणजे नक्की कुठलं पद?

रेघोटी: अल्गोरिदमच्या नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात, डॉमिनंट टर्मला ‘प्रबळ पद’ लिहिलंय. पण वाचून एकाला वाटलं की ज्याच्या पुढचा आकडा मोठा ते प्रबळ. माझं उदाहरण असं आहे: n आकड्यांच्या यादीत सलग तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्याची बेरीज सगळ्यात जास्त ते शोधायचं. साधी रीत प्रत्येक तुकडा नव्याने बेरजते:

```
for i in range(n):
    for j in range(i, n):
        s = 0
        for k in range(i, j+1):
            s += a[k]
```

शेवटची ओळ किती वेळा चालते ते मोजलं तर n³/6 + n²/2 + n/3 येतं. दुसऱ्या रीतीत k चा लूपच नाही, j पुढे सरकला की आधीच्या बेरजेत एक आकडा मिळवायचा, तिथे n²/2 + n/2. आता प्रबळ कोण आणि ते कसं समजवायचं?

घाटावरचा: वाचणारा अगदीच चुकला नाहीये. n = 2 ठेवून बघा, n³/6 येतं 1.33 आणि n²/2 येतं 2. म्हणजे तिथे वर्गाचं पदच मोठं. त्यामुळे प्रबळ कोण हे n वर आणि सहगुणकावर ठरतं, नुसत्या घातांकावर नाही, असं माझं मत.

शून्यापासून: n = 2 चं बरोबर आहे, पण n = 3 ला दोन्ही पदं 4.5 होतात आणि तिथून पुढे घनाचं पद वर्गाच्या पदाला परत कधीच वर येऊ देत नाही. सहगुणक फक्त ही गाठ कुठे पडते ते ठरवतो, गाठीनंतर कोण वर राहणार ते घातांकच ठरवतो, आणि ‘प्रबळ’ हा शब्द त्या पुढच्या भागासाठी आहे. n = 10 ला एकूण 220 बेरजा, त्यात घनाच्या पदाच्या 167च्या आसपास, म्हणजे अजून पाव वाटा बाकीच्यांचा आहे. n = 1000 ला एकूण 16 कोटी 71 लाख 67 हजार आणि त्यातले जवळपास 16 कोटी 66 लाख 67 हजार एकट्या घनाचे, बाकी उरतात 5 लाख.

आता ते उरलेले 5 लाख बघा, दुसऱ्या रीतीचं n = 1000 चं सगळं कामच 5,00,500 आहे! म्हणजे पहिल्या रीतीत आपण जे पद सोडून देतो, तेवढ्यात दुसरी रीत पूर्ण होते. म्हणून नोट्समध्ये ‘बाकीची पदं छोटी’ असं नुसतं लिहू नका, ‘स्वतःच्याच प्रबळ पदाच्या मानाने छोटी’ असं लिहा. तुलना करायला n³/6 ला n²/2 ने भागा, n/3 येतं, हजाराला 333. खरा भागाकार (n+2)/3, म्हणजे 334. एवढं जवळ येत असेल तर बाकीची पदं सोडायला हरकत नाही.

हिशेबनीस: माझा प्रश्न जरा वेगळा आहे. ऑफिसात एक स्क्रिप्ट पावत्यांची यादी आणि सभासदांची यादी जुळवते, सूत्र वगैरे माहीत नाही, पण दोन्ही याद्या दुप्पट झाल्या आणि वेळ चौपट झाला. याचं प्रबळ पद कळेल का?

शून्यापासून: प्रत्येक पावती प्रत्येक सभासदाशी ताडून बघत असेल तर काम m × n, दोन्ही दुप्पट म्हणजे चौपट, जुळतंय. पण सभासद तेवढेच राहिले आणि पावत्याच वाढल्या तर वेळ फक्त दुप्पट होईल, तेव्हा आधी कुठली यादी वाढतेय ते बघा. आणि लहान यादीवरच्या वेळेवर विसंबू नका. वरच्या तीन लूपच्या रीतीतसुद्धा 10 वरून 20 केलं तर 220 चे 1540 होतात, म्हणजे सातपट, हजारावरून दोन हजार केल्यावर मात्र जवळजवळ आठपट. फाइल उघडायचा वगैरे ठरलेला वेळ त्यात मिसळला की पट अजून कमी दिसते.

घाटावरचा: गाठीनंतरचं पटलं. पण समजा दुसऱ्या रीतीच्या एकेका पायरीला 50 पट वेळ लागत असेल तर?

शून्यापासून: तर (n+2)/3 = 50 मांडा, n = 148. त्याच्या आत तीन लूपवाली रीत जिंकेल, पुढे हरेल. तुमची यादी कायम शंभरचीच असेल तर प्रबळ पद बघून निर्णय घेऊच नये.

रेघोटी: मग प्रबळ पद n³ लिहू का n³/6?

शून्यापासून: मी n³/6 लिहीन. दोन्ही रीती घनाच्याच असतील, एक n³/6 आणि एक 2n³, तर नुसत्या n³ वरून काहीच कळणार नाही, बारापट फरक तिथेच गायब होतो.

घाटावरचा: मला नाही पटत. पायरी मोजायची पद्धत बदलली, तुलना पण मोजली, s = 0 पण मोजलं, की तो 1/6 बदलतो, n³ मात्र तोच राहतो. जे बदलतं ते नावात कशाला?

शून्यापासून: बदलतो, म्हणूनच काय मोजलं ते शेजारी लिहायचं. इथे ‘बेरजा मोजल्या’ असं लिहिलंय, मग 1/6 ला अर्थ आहे.

रेघोटी: सध्या n³/6 च ठेवते आणि वर ‘बेरजांची संख्या’ असा मथळा देते. घाटावरचे म्हणतात त्यासाठी वेगळा शब्द लागेल, ‘वाढीची कोटी’ म्हणू का? शाळेत बहुपदीची कोटी शिकवतातच.

घाटावरचा: माझ्या n³ ला ‘वाढीची कोटी’ चालेल. पण n³/6 ला ‘प्रबळ पद’ म्हणायला मी अजून तयार नाही.