स्क्रीनशॉट काढल्यावर तरंगणारं ते चित्र: ठेवावं की बंद करावं?

पत्रिका_बुधवार
मी बुधवार पेठेत लग्नपत्रिकांचं डिझाइन करते. मॅकवर प्रूफचा स्क्रीनशॉट काढायचा आणि लगेच वॉट्सॲप वेबवरून गिऱ्हाइकाला पाठवायचा, हे दिवसभर चालतं. पण कमांड-शिफ्ट-४ नं काढलेली फाइल डेस्कटॉपवर लगेच येत नाही, खाली उजव्या कोपऱ्यात छोटं चित्र तरंगत बसतं. परवा अटॅच करताना यादीत सगळ्यात वर आधीचीच फाइल होती आणि घाईत तीच गेली. मुहूर्त दुरुस्त करून ६:४२ केला होता, गिऱ्हाइकाला गेलं जुनं ६:३२ चं प्रूफ. त्यांनी फोन केला म्हणून कळलं. हे चित्र बंद होतं का? आणि करावं का?

कोथरूड_डेपो
होतं, आणि तुमच्या कामात करावंच. कमांड-शिफ्ट-५ दाबा. खाली एक पट्टी येईल, तिच्यावर Options आहे. तिथे Show Floating Thumbnail समोरची बरोबरची खूण काढा आणि एस्केप दाबून बाहेर या. पुढचा स्क्रीनशॉट काढला की फाइल लगोलग डेस्कटॉपवर दिसेल.

यात तुमचा मॅक मंद झालाय असं काही नाही. २०१८ साली मोहावे आलं तेव्हापासून हे असंच आहे. फोटो निघतो त्याच क्षणी, पण चित्र कोपऱ्यात आहे तोवर मॅक तो एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये धरून ठेवतो. तुम्हाला कदाचित काटछाट करायची असेल, फेकून द्यायचा असेल, म्हणून थांबतो. साधारण पाच सेकंदांनी चित्र सरकून गेलं की मग फाइल डेस्कटॉपवर उतरते. त्या पाच सेकंदांत अटॅचची खिडकी उघडली तर नवी फाइल तिथे नसतेच. तारखेनुसार लावलेल्या यादीत सगळ्यात वर जुनीच दिसणार. तुमचं ६:३२ तिथूनच गेलं.

निळी_शाई
मला हे अजिबात पटत नाही. मी पण छपाईच्याच कामात आहे, अप्पा बळवंत चौकापासून जवळ. ते चित्र म्हणजे माझी चाळणी आहे. दिवसाला चाळीसेक स्क्रीनशॉट काढते, त्यातले निम्मे वाकडे येतात. चित्रावर क्लिक केलं की तिथल्या तिथे कडा कापता येतात, बाण काढता येतो, नाहीतर कचराटोपलीत टाकता येतं. हे बंद केलं तर डेस्कटॉपवर नुसता ढीग होईल आणि मग त्यातली बरोबरची फाइल शोधताना जास्त चुका होतील.

आणि थांबायचं कशाला? चित्र तसंच माउसने उचला आणि वॉट्सॲपच्या चॅटवर नेऊन सोडा. यादी उघडायचीच नाही, तर जुनी फाइल जाणार कुठून?

खराडी_टेस्टर
दोघंही उगाच लांबवताय. चित्रावर एकदा क्लिक केलं की फाइल लगेच सेव्ह होते, बास. बंदच करायचं असेल तर टर्मिनलमध्ये हे टाका आणि मशीन रीस्टार्ट करा:

```
defaults write com.apple.screencapture show-thumbnail -bool false
```

कोथरूड_डेपो
@खराडी_टेस्टर आज्ञा बरोबर आहे, पण ती तीच खूण काढते जी Options मध्ये आहे. त्यासाठी मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही. क्लिकचं मात्र उलटं आहे, आणि यातच माणसं फसतात. क्लिक केलं की खुणा करायची खिडकी उघडते आणि Done म्हणेपर्यंत फाइल डेस्कटॉपवर येतच नाही. पाच सेकंदांऐवजी ती खिडकी उघडी आहे तोवर थांबणं आलं. लगेच सेव्ह हवं असेल तर क्लिक न करता चित्र उजवीकडे सरकवा, दोन बोटांनी ट्रॅकपॅडवर किंवा माउसने ढकलून. ते पडद्याबाहेर गेलं की फाइल हजर.

@निळी_शाई ओढून टाकणं चांगलं आहे, पण मी तसं केलं तेव्हा डेस्कटॉपवर प्रत उरली नाही. पत्रिकेच्या कामात कुठलं प्रूफ कधी पाठवलं याचा पुरावा लागतो. गिऱ्हाईक म्हणालं, "आम्ही ६:४२ च सांगितलं होतं," तर तुम्ही दाखवणार काय?

निळी_शाई
चॅटमध्ये असतंच की, तारीख-वेळेसकट.

कोथरूड_डेपो
गिऱ्हाइकाने चॅट उडवलं तरी आपल्या बाजूला राहतं, ते मान्य. पण आपला फोन बदलला आणि बॅकअप नसला तर? मला फाइल हवीच.

सिंहगड_रोड
माझंही तसंच होतंय, पण माझी फाइल पाच सेकंदांनी काय, तासाने पण डेस्कटॉपवर दिसत नाही. चित्र बंद केलं तरी नाही. मुलाने मध्ये काहीतरी बदललं होतं.

कोथरूड_डेपो
काकू, तुमचं दुखणं वेगळं आहे. त्याच Options मध्ये सगळ्यात वर Save to आहे. तिथे Desktop ऐवजी Documents किंवा Clipboard वर खूण असेल. Clipboard असेल तर फाइल बनतच नाही, चित्र फक्त पेस्ट करण्यापुरतं असतं आणि पुढचं काही कॉपी केलं की गेलं. Desktop वर आणून बघा.

सिंहगड_रोड
Documents वर होतं! तिथे दोनशेच्या वर स्क्रीनशॉट सापडले. खूप खूप धन्यवाद.

पत्रिका_बुधवार
आज केलं. खूण काढली आणि शनिवार पेठेतल्या एका गिऱ्हाइकाचं प्रूफ काढलं. आवाज आला, फाइंडरमध्ये फाइल तेव्हाच दिसली. अटॅचच्या यादीत तीच सगळ्यात वर. दिवसभरात एकदाही थांबावं लागलं नाही.

एक अडचण आली. दुकानातला मॅक मी आणि माझी भाची वापरतो, लॉगिन वेगवेगळी. तिच्या लॉगिनमध्ये चित्र अजून येतंय.

कोथरूड_डेपो
ही निवड प्रत्येक लॉगिनची वेगळी असते. तिच्या खात्यात जाऊन तीच खूण परत काढावी लागेल. झालंय का हे टर्मिनलमध्ये बघता येतं:

```
defaults read com.apple.screencapture show-thumbnail
```

0 आलं तर बंद आहे. कधीच हात लावला नसेल तर अशी नोंदच नाही म्हणून सांगेल, म्हणजे चालू आहे. आणि स्क्रीन रेकॉर्डिंगनंतर येणारं चित्रही याने जातं, हे तिला सांगून ठेवा.

पत्रिका_बुधवार
तिला ते हवंय. ती पत्रिकेवर लाल गोल काढून पाठवते, तिचं @निळी_शाई सारखंच आहे.

खराडी_टेस्टर
मग पाच सेकंदांचं एक सेकंद करता येतं का? माझंही त्यावर भागेल.

कोथरूड_डेपो
वेळ कमी करायची सोय Options मध्ये नाही. चालू किंवा बंद, एवढंच. भाचीला लाल गोल काढायचा असेल तर चित्र बंद ठेवूनही होतं. फाइंडरमध्ये फाइल निवडून स्पेसबार दाबायचा, वर पेनाची खूण असते, तिथे तीच सगळी साधनं मिळतात. फरक एवढाच की फाइल आधी सेव्ह झालेली असते.

निळी_शाई
आणि वाकडी आलेली पण सेव्ह झालेली असते. मी माझं चालूच ठेवणार. पण गिऱ्हाइकाला पाठवायचं असेल तेव्हा आधी उजवीकडे सरकवेन, हे मला माहीत नव्हतं.