अनुभव धागा: सगळ्यांच्या पातेल्यातून आपल्या ताटात नेमकं किती आलं, हे तुम्ही कसं ठरवता?

इंदिरानगरची_आई

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी टाइप वन डायबिटीस निघाला. तेव्हापासून ती काय खाते त्यातले कार्ब मोजून जेवणाआधी इन्सुलिन द्यावं लागतं. बिस्किटाचं सोपं असतं, पुड्यावर लिहिलेलं असतं. पण आमच्या घरी सहा माणसं, कुकर एक आणि कढई एक. त्यातलं तिच्या वाट्याला किती आलं हे ठरवणं हाच रोजचा प्रश्न आहे. म्हणून हा धागा. मधुमेह असो, पथ्य असो, कारण कुठलंही चालेल, पण सगळ्यांसाठी रांधलेल्या अन्नातला आपला हिस्सा तुम्ही कसा मोजता ते लिहा.

आधी माझं सांगते. सुरुवातीला मी वाटीच्या हिशोबाने चालले होते. मिळालेल्या तक्त्यात छोट्या वाटीला १५ ग्रॅम कार्ब होते. तिने मुगाची खिचडी दोन वाट्या खाल्ली, मी ३० धरले. तिला डॉक्टरांनी १५ ग्रॅमला १ युनिट सांगितलंय, म्हणून २ युनिट दिले. रात्री दहाला शुगर २९०. असं दोन-तीनदा झालं तेव्हा मी घरातल्या सगळ्या वाट्या ओट्यावर मांडल्या आणि पाण्याने भरून तोलल्या. तीन वेगवेगळी मापं निघाली. तिची आवडती, काठावर वेल असलेली वाटी सगळ्यात मोठी. त्यात खिचडी काठोकाठ १६५ ग्रॅम बसते.

मग वाटी सोडली आणि कुकरच तोलायला लागले. आमचा ५ लिटरचा कुकर झाकणाशिवाय रिकामा १४६० ग्रॅम भरतो. तो आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय. खिचडीला तांदूळ ३०० ग्रॅम आणि मुगाची डाळ १५० ग्रॅम घेतली. तांदळाचे कार्ब साधारण २३४, डाळीचे ९० धरते, म्हणजे अख्ख्या कुकरमध्ये ३२४. कांदा-टोमॅटो थोडाच असतो, तो सोडून देते. शिजल्यावर भरलेला कुकर ३२६० ग्रॅम भरला. रिकाम्याचे वजा केले की खिचडी १८०० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम खिचडीत १८ ग्रॅम कार्ब. आता तिचं ताट काट्यावर ठेवून शून्य करते आणि वाढते. २२० ग्रॅम वाढली तर ४० कार्ब. पेन अर्ध्या युनिटचं आहे, अडीच युनिट देते.

त्या रात्रीचा हिशोबही नंतर करून पाहिला. दोन मोठ्या वाट्या म्हणजे ३३० ग्रॅम, जवळपास ६० कार्ब. मी निम्मंच इन्सुलिन दिलं होतं.

पंचवटीकर_काका

आमचा दर रविवारी सकाळी मिसळीचा कट्टा असतो. सहा-सात जण गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात जाऊन बसतो. रस्सा, तर्री मधे ठेवतात, ज्याला हवं तो घेतो. एक जण चार पाव खातो, एक जण एकच, आणि पैसे सगळ्यांनी सारखे काढायचे. मला हे पटत नाही. आता मी पाव ज्याचे त्याने मोजायचे आणि बाकी सारखं वाटायचं असं सुरू केलंय.

इंदिरानगरची_आई

काका, माझा प्रश्न बिलाचा नव्हता. पण तुमचा नियम मी उचलतेय. मिसळीत पाव मोजता येतो, तो मोजायचा. मटकी आणि फरसाण तिच्या वाटीत वेगळं घालायचं आणि रस्सा शेवटी. तर्रीत तेल-मसालाच जास्त, कार्ब नावापुरते. मी आजवर अख्ख्या मिसळीचा एक आकडा शोधत बसले होते.

सातपूर_जिम

एवढं तोलायची गरज नाही. कढईत काय घातलं ते माहीत असतं, भागिले खाणारी माणसं. मी प्रोटीन असंच मोजतो. अर्धा किलो चिकन, आम्ही चौघं, माझं सव्वाशे ग्रॅम. दोन वर्षं हेच करतोय.

आहार_सल्ला_नाशिक

मी आहारतज्ज्ञ आहे, टाइप वनची मुलं रोज बघते. सातपूरकरांची पद्धत एका बाबतीत बरोबर आहे, सुरुवात कच्च्या मालापासून करायची. पण चौघे सारखं खात नाहीत. तुमच्या चिकनच्या रश्श्यात आईच्या वाट्याला रस्सा येतो आणि तुमच्या वाट्याला फोडी. शिवाय त्या अर्ध्या किलोत हाडंही आहेत. तिथे आपल्या ताटातल्या फोडीच मोजलेल्या बऱ्या.

इंदिरानगरच्या ताईंची रीत खिचडीला चपखल बसते, कारण खिचडी सगळीकडून सारखी असते. वरणाला तीच रीत लावाल तर फसाल. वरण दहा मिनिटं ठेवलं की डाळ खाली बसते. पहिल्याने वाढून घेतलेलं वरचं पाणी आणि शेवटच्याला मिळालेला तळाचा गाळ यात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. पळी तळापर्यंत घालून ढवळायचं आणि लगेच मुलाचं वाढायचं. बटाट्याच्या रश्श्यात, आमटीतल्या गोळ्यांत, वालाच्या उसळीत ढवळूनही जमत नाही. तिथे घन वेगळं काढून तोला, पातळ सोडून द्या.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते, चूक कुठे महाग पडते ते बघा. मेथीच्या भाजीचा अंदाज निम्म्याने चुकला तर दोन-तीन ग्रॅमचा फरक. भाताचा तेवढाच चुकला तर पंचवीस-तीस ग्रॅमचा, म्हणजे तुमच्या मुलीला दोन युनिटचा. काटा भात, खिचडी, पोहे, भगर, भाकरी यांच्यासाठी काढा. पालेभाजीसाठी ताट अडवून मुलाला उपाशी बसवू नका.

निफाडची_सून

मला स्वतःला १९व्या वर्षापासून टाइप वन आहे. लग्न होऊन द्राक्षाच्या बागेवरच्या घरात आले, पंगतीला अकरा माणसं. पहिल्या आठवड्यात मी काटा घेऊन बसले तर सासूबाईंचा चेहरा उतरला. अन्न तोललं की बरकत जाते, असं त्या मानतात. त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही, आणि काटा सोडणंही शक्य नव्हतं.

मग मी एक पळी ठरवली. दुपारी घरात कुणी नसताना ती भाताने सपाट भरून दहा वेळा तोलली. ७० ते ७८ ग्रॅम यायचा, मी ७५ धरला. आता पंगतीत मी पळ्या मोजते, दोन किंवा तीन. कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र वाढणारी मीच असायला हवी. जाऊबाई वाढतात तेव्हा पळीवर डोंगर असतो, आणि तो तोलला तर ११० भरतो.

भाकरीचं वेगळं आहे. भाजताना पाणी जातं, त्यामुळे भाकरी तोलून काही कळत नाही. कडक भाजली तर हलकी, मऊ ठेवली तर जड, आणि पीठ तेवढंच. मी थापायच्या आधी गोळा तोलते. आमच्या ज्वारीच्या पिठाला मी ओतते तेवढ्या पाण्यात १०० ग्रॅमच्या गोळ्यात ५५ ग्रॅम पीठ असतं, म्हणजे ३८ च्या आसपास कार्ब. तुमचा हात वेगळा, पाणी वेगळं, एकदा स्वतः करून बघा. माझी भाकरी पहिली थापली जाते आणि टोपलीत सगळ्यात खाली जाते. सासूबाईच ती शोधून मला देतात आता.

हळदीचा_आचारी

मी लग्नाकार्याचा स्वयंपाक करतो, सिडकोत राहतो. डायबिटीसचं मला कळत नाही, पण पातेल्यात काय गेलं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसतं. १ किलो तांदळाचा मोकळा भात अडीच ते तीन किलो होतो. मसालेभातात तेच तांदूळ, वर भाजी आणि तेल, म्हणून एका पळीत तांदूळ थोडा कमी येतो. पुरणात हरभऱ्याची डाळ जेवढी तेवढाच गूळ, कुणी पाऊणपट सांगतं तर तेवढा घालतो. वरून पोळीत किती गोड आहे ते दिसत नाही. कार्यालयात भटारखान्यात येऊन विचारलं तर कुठलाही आचारी सांगेल. मला आजवर फक्त दोन बायांनी विचारलंय, आणि दोघींच्या कडेला लहान मूल होतं.

सातपूर_जिम

निफाडच्या ताईंचं वाचून काल घरची पळी तोलली. आईची पळी आणि माझी पळी यात ३० ग्रॅमचा फरक निघाला. भागाकार सोडला. फोडी मोजतोय.

गोदाकाठ

माझ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे, तो ७ वर्षांचा आहे. ताट मोजून वाढतो, इन्सुलिन देतो आणि तो निम्म्यात उठतो. भगर-आमटीच्या दिवशी तर हमखास. मग शुगर ६२ ला येते आणि ग्लुकोज पाजून १५ मिनिटं घड्याळ बघत बसायचं. उरलेलं ताट पुन्हा तोललं की पोटात किती गेलं ते बरोबर कळतं, पण तोवर इन्सुलिन आत गेलेलं असतं.

निफाडची_सून

माझी आई सुरुवातीच्या दिवसांत थोडं आधी आणि उरलेलं जेवण झाल्यावर द्यायची. डॉक्टरांना विचारूनच.

आहार_सल्ला_नाशिक

काही डॉक्टर तसं सांगतात. पण साबुदाण्यासारखं पटकन चढणारं काही असेल तर उशिरा दिलेलं इन्सुलिन मागे पडतं आणि तासाभरात शुगर वर दिसते. माझ्याकडच्या दोन मुलांना ते जमलं, एकाला नाही. मी याचं एक उत्तर देऊ शकत नाही, तुमच्या डॉक्टरांसमोर आठवड्याचे आकडे ठेवा. तोवर एवढं करता येईल, तो हमखास संपवतो तेवढंच आधी वाढा आणि तेवढ्याचंच द्या. आणखी मागितलं तर ते नवीन वाढप समजा.

इंदिरानगरची_आई

नवीन वाढप म्हटलं त्यावरून कालचं सांगते. तिने पाऊण तासाने पुन्हा खिचडी मागितली. तोवर ती घट्ट झाली होती, म्हणून सासऱ्यांनी कपभर गरम पाणी घालून सारखी केली. मी सवयीने १०० ला १८ धरणार होते. मग लक्षात आलं, कार्ब तेवढेच आहेत, वजन वाढलंय. कुकर पुन्हा तोलला. पाण्याआधी उरलेली खिचडी ६०० ग्रॅम असावी, आता ७८० भरली. म्हणजे १०८ कार्ब ७८० ग्रॅममध्ये, १०० ला १४ च्या जवळ. तिने ८० ग्रॅम घेतली, ११ धरले. घट्ट होताना वाफेने किती पाणी गेलं ते मात्र मी धरलेलं नाही, उरलेली ६०० हाही पहिल्या वाढपांवरून काढलेला आकडा. रात्री बाराला १४८ होती.

गोदाकाठ, तुमच्या मुलाला भगर कशी देता, मोकळी की आमटी कालवून? कालवून देत असाल तर आमटीतल्या दाण्याच्या कुटाचं काय धरता, ते लिहा. आमच्याकडे गुरुवारी उपास असतो आणि मी अजून तिथेच अडकले आहे.