रोजची पानं, महिन्याची बेरीज: तुम्ही नोंद कशी ठेवता?

रोज २० पानांचं लक्ष्य बऱ्याच जणांनी ठेवलंय. पण महिनाअखेरीस बेरीज एक सांगते आणि पुस्तकातली खूण दुसरंच. किती वाचलं ते नको, मोजता कसं तेवढं लिहा.

खूणपट्टी: आज किती पानं झाली हे मी लिहीतच नाही. थांबले तो पान क्रमांक लिहिते, बस. वजाबाकी महिन्याच्या शेवटी, पुस्तकागणिक. गेल्या महिन्याचंच घ्या. १ तारखेला ३२० पानांच्या कादंबरीत ८४वर होते, ती संपली म्हणजे २३६ पानं. दुसरं पुस्तक पहिल्या पानापासून १९०पर्यंत. दोन्ही मिळून ४२६. लक्ष्य होतं ६००, म्हणजे १७४ कमी पडली. मधे चार-पाच दिवस नोंद राहिली तरी बेरीज बिघडत नाही, कारण पुढचा क्रमांक मागचं सगळं पोटात घेतो. रोजचे आकडे लिहिणाऱ्यांचा विसरलेला दिवस मात्र कायमचा गळतो. एकच पथ्य: १ तारखेला हातातल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक टिपायचाच. नाहीतर अर्धं वाचलेलं पुस्तक अख्खं नव्या महिन्यात जमा होतं आणि आपण उगाच खूश.

रात्रपाळी: मी फोनवर वाचतो. सोपं आहे, खाली टक्के दिसतात, छापील पानांनी गुणायचं. २४० पानांचं पुस्तक ३५ टक्के झालं, ८४ पानं. चुकायचा प्रश्नच नाही.

जुनी_वही: मी ५० पानांचं लक्ष्य ठेवलं होतं, आठवड्यात सुटलं. १० ठेवा, सगळ्यांना जमेल.

धागाकर्ती: लक्ष्य किती असावं हा वेगळा विषय झाला हो! इथे मोजणीबद्दल बोलू.

खूणपट्टी: @रात्रपाळी, टक्के घेता हे बरंच. अक्षर मोठं केलं की स्क्रीनवरची पानं वाढतात, टक्क्यांना तेवढा फरक पडत नाही. पण मागच्या टिपा आणि सूची त्यात धरलेल्या असतात. वैचारिक पुस्तकाचा मजकूर ८० टक्क्यांच्या आसपासही संपू शकतो. शेवटचं प्रकरण कुठे संपतं ते अनुक्रमणिकेतून आधी बघून ठेवा, नाहीतर न वाचलेली सूचीही बेरजेत जाते.

रात्रपाळी: अच्छा, म्हणून गेल्या वेळी शेवटच्या दोन दिवसांत ६० पानं झाली होती!

अर्धविराम: कवितांचं काय करता? एका पानावर आठ ओळी, त्याच चारदा वाचते. वहीत दिसतं ६ पानं, वेळ गेलेला असतो तासभर. मी अशा दिवशी पानांऐवजी मिनिटं लिहिते.

खूणपट्टी: मग बेरीज कशी लावता?

अर्धविराम: लावत नाही. दोन रकाने, दोन बेरजा.

जुनी_वही: मी कविता दुप्पट धरतो.

खूणपट्टी: दुप्पटच का, तिप्पट का नाही? मला दोन रकाने पटतात, पण मग ६००चं लक्ष्य कुठल्या रकान्याला लावायचं?