नव्या इमारतीत एकाच कोपऱ्यात तिरके तडे: पाया खचतोय का? मदत हवी आहे

नवखा_साईटवाला: सोलापूर रोडला पार्किंग अधिक तीन मजल्यांची साईट आहे, माझी पहिलीच. आतलं प्लास्टर चालू आहे. मागच्या कोपऱ्यातल्या सी-१२ कॉलमशेजारच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय. तिन्ही मजल्यांवर तसाच, सी-१२कडे वर चढत जाणारा. खालच्या मजल्यावरचं दार परवापासून चौकटीला घासतंय. लेव्हलची लाल रेघ पाहिली तर सी-१२ची शेजारच्या कॉलमपेक्षा ५ मिमी खाली आहे. मधलं अंतर साडेचार मीटर. साहेब म्हणतात, पुट्टी भरून टाक.

गिलावा_गुरुजी: प्लास्टर आकसलंय. क्युरिंग कमी पडलं की होतं. सांध्यावर कोंबडीजाळी मारली होती का?

नवखा_साईटवाला: जाळी आहे. तडा प्लास्टर खरवडल्यावर ब्लॉकमध्येही दिसतो.

काळी_माती: आमच्या बंगल्यालाही उन्हाळ्यात असेच पडतात, पावसाळ्यात आपोआप मिटतात. काळजी नको.

जुना_ओळंबा: बंगल्याचं वेगळं, इथे पाया कशावर आहे तेच अजून कळलेलं नाही. आकसण्याचे तडे जाळीसारखे, कुठेही पडतात. सगळ्या मजल्यांवर एकाच गाळ्यात, एकाच दिशेने चढणारे तडे म्हणजे फ्रेम तिरकी होतेय. तडा ज्या बाजूला वर चढतो ती बाजू खाली बसते, म्हणजे तुझा सी-१२.
पण ५ मिमीवर उड्या मारू नकोस. लाल रेघ मिस्त्रीने पाण्याच्या नळीने काढली असणार, त्यात दोन-तीन मिमी सहज चुकतात. आजचं रीडिंग ऑटो लेव्हलने घे, सगळ्या कॉलमचं, आणि दर आठवड्याला तसंच. तड्यावर पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटव, तारीख टाक. काच फुटली तर हालचाल चालू आहे. पुट्टी भरलीस तर पुरावाच गेला. बेंचमार्क कुठे घेतोस?

नवखा_साईटवाला: कंपाउंडच्या भिंतीवर.

जुना_ओळंबा: ती भिंतही त्याच भरावावर असेल! रस्त्यापलीकडचा जुना पूल किंवा मोरी बघ.

नवखा_साईटवाला: पंधरा दिवसांनी लिहितोय. मोरीवरून तीन रीडिंग घेतली. बाकीचे कॉलम जागेवर आहेत, सी-१२ पहिल्या आठवड्यात २ मिमी आणि दुसऱ्यात आणखी २ मिमी खाली. दोन्ही काचा फुटल्या. वॉचमनकाका म्हणाले, त्या कोपऱ्यात बुजवलेली विहीर होती. माती तपासणीची दोन्ही भोकं पुढच्या बाजूला आहेत.

गिलावा_गुरुजी: मग माझं चुकलं. पण बाकीच्या भिंतींना पाणी मारा हो.

जुना_ओळंबा: आयएस १९०४ मध्ये अशा फ्रेमला दोन कॉलममधला फरक अंतराच्या ०.००१५ पट धरलाय. तुझ्या गाळ्याला पावणेसात मिमी. आधीचे पाच खरे असतील तर ती मर्यादा ओलांडली. वेग कमी होत नाही, ही जास्त वाईट खूण. त्या कोपऱ्यावरची गच्चीची टाकी भरू नका. क्युरिंगचं पाणी तिथे मुरू देऊ नका. फुटिंग उघडून बघायची घाई नको, बाजूची माती काढली तर आधारच जाईल. कन्सल्टंटला आज बोलव.

नवखा_साईटवाला: रीडिंगचा तक्ता आणि काचांचे फोटो ईमेल केलेत, साहेबांना कॉपी ठेवून. साहेब बोलत नाहीत. कन्सल्टंट गुरुवारी येतोय. तोवर सी-१२खाली जॅक लावून उपयोग होईल का?

जुना_ओळंबा: जॅक टेकवणार कशावर, त्याच भरावावर?