मदत हवी आहे: वाळूच्या ॲनिमेशनमध्ये मासा पुढे सरकतो, पण मागे करडा पट्टा राहतो

वाळूरेघ
काचेच्या उजेडी टेबलावर वाळूचं ॲनिमेशन करते आहे आणि एका जागी अडकले आहे. मांडणी अशी: ६० बाय ४५ सेंटिमीटरची ५ मिलिमीटर जाड साधी काच, तिच्याखाली दुधी ॲक्रिलिक, त्याखाली साधारण २० सेंटिमीटरवर एलईडी पॅनल. कॅमेरा काचेपासून ९० सेंटिमीटर वर, सरळ खाली बघणारा. सेकंदाला १२ चित्रं.

दृश्य साधं आहे. १२ सेंटिमीटर लांबीचा काळा मासा डावीकडून उजवीकडे जातो, दर चित्राला १ सेंटिमीटर. एकूण ४० चित्रं. मासा मी रुंद ब्रशने मागून ढकलते. दहाव्या चित्रापासून त्याच्या मागे करडा पट्टा दिसायला लागतो. पंचविसाव्या चित्राला मी सगळी काच पुसली, तर चालवून बघताना तिथे पांढरा रंग एकदम उसळतो. शिवाय सगळं चित्र बारीक लुकलुकतं.

प्रत्येक चित्राआधी पूर्ण काच पुसायची का? आणि माशाला धक्का न लावता पुसायची कशी?

निळीशाई
काच ओल्या कापडाने पुसून घ्या, वर अँटीस्टॅटिक स्प्रे मारा. वाळू स्थिर विद्युतामुळे चिकटते, तेच कारण आहे. लुकलुकणं एलईडीचं असणार. शटर १/२ सेकंद ठेवा, जाईल.

उजेडमेज
निळीशाई, शटरचं बरोबर आहे, पण ते अर्धंच उत्तर आहे. आणि दृश्य चालू असताना ओलं कापड नकोच. काचेवर ओलाव्याचा पातळ थर जरी उरला तरी पुढची वाळू तिथे धरून बसते, आणि वाळल्यावर पुसल्याचे फटकारे खालच्या उजेडात स्पष्ट दिसतात. ओली सफाई दोन दृश्यांच्या मध्ये करावी, आणि काच पूर्ण कोरडी झाल्यावरच वाळू टाकावी. स्प्रेचंही तसंच.

वाळूरेघ, तुमच्याकडे तीन वेगळे दोष एकत्र झालेत. आधी ते सुटे करा. काचेवर काहीतरी आकार ठेवा आणि हात न लावता, एकाच जागी उभं राहून २० चित्रं घ्या. ती चालवून बघा. यात लुकलुक दिसली तर तिचा वाळूशी संबंध नाही. मग पॅनल पूर्ण तेजावर ठेवून पुन्हा २० घ्या. पुष्कळ पॅनल मंद केले की दिवा फार भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतात, आणि लहान शटरला तो फरक पकडला जातो. तेज पूर्ण केलं, शटर १/२ सेकंदावर नेलं, तरीही लुकलुक राहिली तर ती लेन्सची. प्रत्येक चित्राला लेन्सची पाती मिटतात आणि दर वेळी अगदी त्याच मापावर मिटत नाहीत. उपाय म्हणजे हाताने ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर पाती हलतच नाहीत, पण मग फोकस फार काटेकोर लावावा लागतो.

काही जण लेन्स किंचित फिरवून तिचे संपर्कबिंदू सोडवतात, म्हणजे पाती आहेत तिथेच राहतात. तुमचा कॅमेरा खाली तोंड करून आहे, त्यामुळे असं केलंत तर लेन्स टेपने आणि दोरीने कॅमेऱ्याला बांधल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुटली तर थेट काचेवर पडेल. झूम लेन्स असेल तर तिची कडीही टेपने पक्की करा, वजनाने ती हळूहळू खाली सरकते.

रंगमंच
मी कार्यक्रमांत प्रेक्षकांसमोर वाळूचित्रं काढतो. इतकी सफाई कधीच करावी लागत नाही. तळहाताने वाळू सारली की झालं, थोडी धूळ राहिली तरी चित्राला खोलीच येते.

उजेडमेज
रंगमंच, तुमच्या कामात हात सतत चालतो आणि प्रेक्षक हाताकडे बघतात, म्हणून उरलेले कण खटकत नाहीत. इथे हात चित्रात नसतो. एका चित्रात असलेला कण पुढच्यात दुसरीकडे गेला की तो सेकंदाला १२ वेळा उडी मारताना दिसतो. दोन्ही कामांचं टेबल एक असलं तरी सफाईचं गणित वेगळं आहे.

आता करडा पट्टा. वाळूत दोन गोष्टी असतात: कण आणि धूळ. कण ब्रशने सरकतात, धूळ ब्रशने पसरते. तुमचा पट्टा मुख्यतः धुळीचा आहे. म्हणून पहिला उपाय टेबलावरचा नाही, बादलीतला आहे. वाळू भरपूर पाण्यात ढवळा, कण खाली बसायला काही सेकंद द्या, वरचं गढूळ पाणी ओतून टाका. पाणी नितळ राहीपर्यंत हेच करत राहा. मग वाळू पूर्ण सुकवा आणि बारीक चाळणीतून काढा. नीट धुतलेली वाळू कोरड्या पांढऱ्या कागदावरून घसरवली तर कागदावर डाग राहत नाही. डाग राहिला तर अजून धुवायची आहे. काम चालू असताना कण एकमेकांवर घासून पुन्हा थोडी धूळ होतेच, त्यामुळे हे अधूनमधून करावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: मासा ढकलू नका. १२ सेंटिमीटरचा मासा १ सेंटिमीटर पुढे जातो, तेव्हा त्याचा बहुतेक भाग जुन्या जागेवरच असतो. काळ्या आकृतीत आतली वाळू हलली की नाही हे कॅमेऱ्याला कळतच नाही. फक्त कडा बदलायच्या आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा. आधीचं चित्र ओनियन स्किनमध्ये पडद्यावर ठेवा. आधी पुढची बाजू करा: लहान चमच्याने तोंडापुढे वाळू टाका आणि रबरी टोकाच्या कोरणीने नवी कड बांधा. मग पाठपोटाच्या रेषा, आणि शेवटी शेपटी. शेपटीकडची वाळू कडक कार्डाच्या सरळ धारेने आतल्या बाजूला, म्हणजे माशाच्या अंगाकडे ओढा. झाडताना दिशा नेहमी आकृतीकडे, कधीच मोकळ्या काचेकडे नाही. शेपटीपाशी जमलेला उंचवटा चमच्याने उचलून पुढच्या चित्रासाठी ठेवा. डोळा मात्र दर वेळी बुजवून, कापसाच्या काडीने नव्या जागी पुन्हा उघडावा लागतो.

यानंतर मोकळ्या झालेल्या पट्टीत तुरळक कण राहतात. ते फुंकून घालवू नका, फुंकरीने ते दहा ठिकाणी जातात. लहान व्हॅक्यूमच्या नळीला सरबताची नळी टेपने जोडा, जोडावर पातळ मोज्याचा तुकडा लावा म्हणजे वाळू तिथेच अडकेल आणि परत वापरता येईल. ओढ फार असते, म्हणून मोठ्या नळीला एक भोक पाडा आणि ते बोटाने कमीजास्त झाका. नळी काचेपासून थोडी वर धरा आणि माशाच्या कडेजवळ नेऊ नका. शेवटी त्या पट्टीवर कोरड्या मायक्रोफायबरचा एकच हलका हात. जोरात घासलं तर तुम्हीच स्थिर विद्युत तयार कराल.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पूर्ण काच पुसू नका. आकृतीने जी पट्टी सोडली तेवढीच पुसा, पण प्रत्येक चित्राला पुसा. हळूहळू वाढणारा करडेपणा डोळा सहन करतो, अचानक आलेला पांढरेपणा नाही. पूर्ण सफाई दृश्य बदलताना.

तिरकीफ्रेम
एवढं पुसण्याऐवजी एक्स्पोजर थोडं वाढवा. रिकामी काच अर्ध्या ते पाऊण स्टॉपने जळू द्या. पातळ धूळ त्या पांढऱ्यात बुडून जाते. काळ्या आकृतीला काही होत नाही.

उजेडमेज
शुद्ध काळ्यापांढऱ्या कामात हे चालतं, मान्य. पण कडेवरचे एकटे कण खाल्ले जातात आणि आकृती कागदातून कापल्यासारखी दिसते. मला तो तोटा मोठा वाटतो. पातळ वाळूच्या करड्या छटा वापरायच्या असतील तर मग नकोच.

तिरकीफ्रेम
पाव स्टॉपवर कण खाल्ले जात नाहीत. करून बघण्यासारखं आहे, एवढंच म्हणतो.

वाळूरेघ
२० चित्रांची चाचणी केली. शटर १/२ सेकंद आणि पॅनल पूर्ण तेजावर, तरी थोडी लुकलुक होती. हाताच्या ॲपर्चरची लेन्स लावल्यावर ती गेली. वाळूचं पहिलं पाणी चहासारखं निघालं, नवव्यांदा नितळ झालं. कडा बदलण्याच्या पद्धतीने पुन्हा ४० चित्रं घेतली आणि करडा पट्टा जवळजवळ नाही.

पण दोन गोष्टी उरल्या. सात-आठ चित्रांत काचेचा वरचा कोपरा किंचित उजळ येतो, सलग नाही, अधूनमधून. आणि मासा पंचविसाव्या चित्रानंतर तपकिरी दिसायला लागतो.

उजेडमेज
कोपरा म्हणजे बहुधा तुमचंच प्रतिबिंब. काच वरचा उजेडही परत फेकते. फिकट कपडे, पडद्याचा उजेड, उघडं राहिलेलं दार, यातलं काहीही असेल. गडद कपडे घाला, चित्र घेताना पडदा काळा करा आणि दर वेळी एकाच जागी उभं राहा. लेन्सभोवती मधे भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावलात तर छताचं प्रतिबिंबही जातं.

तपकिरी रंग म्हणजे वाळू कमी पडते आहे. दर चित्राला थोडी व्हॅक्यूममध्ये जाते, थर पातळ होतो आणि उजेड आरपार यायला लागतो. दर पाच चित्रांनी माशाच्या मध्यावर थोडी वाळू टाका. कडेवर नको, तिथून घरंगळते.

निळीशाई
ओल्या कापडाचं मागे घेतो. एक शंका: मासा करड्या पाण्यावरून, म्हणजे आधीच पसरलेल्या पातळ वाळूवरून जात असेल तर? तिथे व्हॅक्यूम फिरवला तर पाणीच जाईल.

वाळूरेघ
माझं पुढचं दृश्य नेमकं तेच आहे.

तिरकीफ्रेम
दोन काचा. पाणी खालच्या काचेवर, मासा वरच्या. मधे ३-४ सेंटिमीटर अंतर. वरची काच हवी तेवढी पुसा, पाणी हलत नाही.

उजेडमेज
चालेल, पण दोन तोटे माहीत असू देत. दोन्ही काचा फोकसमध्ये हव्यात, म्हणून ॲपर्चर बरंच मिटवावं लागेल आणि शटर आणखी लांब होईल. आणि वरच्या काचेवरून पडलेला प्रत्येक कण खालच्या पाण्यात दिसेल, म्हणून वरच्या काचेला कडेने टेपचा बांध घाला. दुसरा रस्ता म्हणजे माशाने सोडलेल्या पट्टीत चाळणीने पुन्हा पातळ वाळू भुरभुरवणं. कण आधीसारखे पडणार नाहीत, पाणी तिथे सळसळेल. पाण्यासाठी ती सळसळ मला योग्य वाटते, फक्त ती माशाच्या मागेच येते आणि पुढे नाही, हे खटकू शकतं.

वाळूरेघ
मग सगळ्याच पाण्यावर दर चित्राला थोडी वाळू भुरभुरवली तर? १० चित्रं दोन्ही पद्धतींनी करते आणि इथे टाकते.