मेफ्टाल, ब्रुफेन की नुसता शेक?

अबोली24: राहते गुहागरला, नोकरी चिपळूणला. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात अशी कळ येते की एसटीत उभं राहवत नाही. सोसवेल तेवढं सोसते, दुपारी अगदीच असह्य झालं की मेफ्टाल स्पास घेते. तरी दीड-दोन तास फरक नाही. मैत्रीण म्हणते ब्रुफेन घे. आई म्हणते गोळ्यांची सवय लागेल, शेक. कोणाचं ऐकू?

माडबन: गणपतीत माझीही तारीख येते गं. पाळी पुढे ढकलायची गोळी तीन दिवस आधी चालू करायची.

अबोली24: ताई, ढकलायची नाहीये, दुखणं थांबवायचंय 😄

औषधवाला_कणकवली: गोळी कुठली यापेक्षा कधी घेता ते बघा. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, त्यामुळे पोट पिळवटतं. दोन्ही गोळ्या ते नव्याने तयार होऊ देत नाहीत, पण झालेलं पुसत नाहीत. म्हणून दुपारची गोळी उशिराची ठरते. सकाळी डाग दिसला की पेज खाऊन लगेच घ्या. ब्रुफेन 400, लागली तर आठ तासांनी दुसरी, दिवसाला तीनच्या वर नाही, आणि दोन-तीन दिवसच. मेफ्टालमधलं मेफेनॅमिकही जवळपास तेवढंच काम करतं. पण त्याने काहींना जुलाब होतात, आणि अंगावर पुरळ व ताप आला तर ती कायमची बंद करायची. 2023 मध्ये तसा सरकारी इशाराही आला होता. असं क्वचितच होतं, तरी मी आधी ब्रुफेनच सुचवेन. सवय दोन्हींची लागत नाही, आईंना सांगा. मात्र दमा, अल्सर, किडनीचा त्रास किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

खाडीकाठ: मी दोन्ही एकदम घेते. लवकर उतरतं.

औषधवाला_कणकवली: नको! दोन्ही एकाच जातीच्या, जळजळ तेवढी वाढेल. जोड द्यायची तर शेकाची द्या. शेकाने खरंच उतार पडतो, ती नुसती आजीची समजूत नाही.

खाडीकाठ: ते पटलं. पावसात लाईट गेली की इलेक्ट्रिक पिशवी कामाची नाही. मी जाडं मीठ भाजून पंचात बांधते. हाताला सोसेल इतपतच गरम, आणि पोटावर ठेवून झोपायचं नाही. मला भाजल्याचा डाग आहे अजून.

सड्यावरची: माझं ऐक. आधी एकच दिवस दुखायचं. मग दरवर्षी वाढत गेलं, पाळीच्या चार दिवस आधीपासून, शौचाला बसलं तरी कळ. सोनोग्राफी नॉर्मल, म्हणून दोन वर्षं नुसत्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी दुर्बिणीतून एंडोमेट्रिओसिस निघाला, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलेला.

अबोली24: शौचाला मलाही दुखतं, पण पहिल्याच दिवशी. ते धरायचं का?

औषधवाला_कणकवली: पहिल्या दिवशी पुष्कळ जणींना दुखतं, त्यावरून मी काही ठरवणार नाही. गोळी वेळेवर घेऊन दोन-तीन पाळ्या बघा. तरी कामाला जाता येत नसेल किंवा दुखणं वाढत चाललं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि शौचाचं स्वतःहून सांगा. तासाला पॅड भिजत असेल, ताप असेल, किंवा पाळी चुकून एका बाजूला जोरात दुखत असेल तर त्याच दिवशी जायचं.

अबोली24: पुढची 18 च्या आसपास. गोळी आजच पर्समध्ये टाकते. पण पहाटेच्या एसटीआधी पेज कोण करणार?

सड्यावरची: पर्समध्येच दोन केळी टाक.