तारे मोजून समूह-अभ्यासाचा दर्जा ठरत नाही

> "न्यूकॅसल-ओटावा मापनश्रेणीवर अभ्यासाला ९ पैकी ८ तारे मिळाले. मग रॉबिन्स-आय पुन्हा कशाला भरायचं?"

कारण ताऱ्यांच्या यादीत एक कळीचा प्रश्नच नाही: पाठपुरावा आणि उपचार एकाच वेळी सुरू झाले का? अभ्यासातल्या पूर्वग्रहाचा धोका विभागवार तपासणारं रॉबिन्स-आय हे साधन तो थेट विचारतं.

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचाराचंच बघा. अमेरिकेतल्या 'नर्सेस हेल्थ स्टडी' या समूह-अभ्यासात, म्हणजे स्त्रियांच्या गटाचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी दिसला. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या यादृच्छिक चाचणीत मात्र, २००२ साली, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गटात तो वाढलेला आढळला, सर्वाधिक पहिल्या वर्षात. समूह-अभ्यासातल्या बऱ्याच जणी नोंदणीआधीपासूनच गोळ्या घेत होत्या. ज्यांना सुरुवातीलाच झटका आला, त्या मोजणीत आल्याच नाहीत. उरल्या त्या निभावलेल्या. पुढे हीच माहिती गोळ्या सुरू केल्याच्या क्षणापासून मोजली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांचा आकडा धोक्याकडे झुकला.

म्हणून पद्धती विभागात 'करंट यूजर', म्हणजे नोंदणीवेळी आधीच गोळ्या घेत असलेला गट, दिसला, की आधी गोळ्या कधी सुरू झाल्या ते शोधा. नव्याने सुरू करणाऱ्यांचं वेगळं विश्लेषण नसेल, तर निवडीच्या पूर्वग्रहाचा धोका मी 'गंभीर' लिहीन. बाकीचे तारे त्याची भरपाई करत नाहीत, कारण रॉबिन्स-आयमध्ये एकूण निकाल सर्वांत वाईट विभागापेक्षा चांगला देता येत नाही.